नागलीचं शेत मागितलं, गव्हाचं आलं : एआय चित्राची सूचना कुठे लंगडी पडते?

शाळेच्या प्रदर्शनासाठी आठवीच्या मुलींनी भरडधान्यांचा विषय घेतला होता. सुरगाण्यात भरडधान्य म्हटलं की पहिली नागली, मग वरई. एका मुलीने घरी मोबाईलवर एआयकडून नागलीच्या शेताचं चित्र काढून आणलं. भलतंच चकचकीत चित्र. केशरी आकाश, मोठा लाल सूर्य, सोनेरी शेत, मध्ये पांढऱ्या दाढीचा, लाल फेटा बांधलेला म्हातारा कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. वर्गात टाळ्या पडल्या. तिचे अब्बू आठवडी बाजारात नागली आणि वरई घेतात. त्यांनी चित्र पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बेटा, ये तो गेहूँ है. और ये बाबा कौन है?"

खरं सांगायचं तर आम्हा शिक्षकांच्याही ते लगेच लक्षात आलं नव्हतं. चित्र आकर्षक होतं, पण त्यात सुरगाणा नव्हता, नागली नव्हती, आणि शेतात राबणारं आपल्या ओळखीचं माणूसही नव्हतं. प्रदर्शनात ते तसंच लागलं असतं, तर बाहेरगावच्या मुलांनी नागली अशीच असते असं धरलं असतं. म्हणून दोन दिवस आम्ही त्या मुलींसोबत बसून ते चित्र का बिघडलं ते शोधलं. आज घराघरात मुलं अशी चित्रं काढतात, ईदच्या शुभेच्छांपासून दुकानाच्या पोस्टरपर्यंत. म्हणून तो शोध इथे सविस्तर लिहीत आहोत.

मुलीने लिहिलेली सूचना, म्हणजे प्रॉम्प्ट, अशी होती :

```
सुरगाणा येथील नागलीचे सुंदर शेत, आनंदी शेतकरी,
अतिशय आकर्षक, रंगीबेरंगी, 4K, मास्टरपीस
```

वाचायला यात काही चूक वाटत नाही. पण नीट बघा. दिसणारी वस्तू सांगणारे शब्द यात फक्त तीन आहेत : नागली, शेत, शेतकरी. सुरगाणा हे ठिकाणाचं नाव आहे. उरलेली सगळी स्तुती आहे.

एक चित्र बघून निदान होत नाही

आम्ही पहिली गोष्ट केली ती म्हणजे तीच सूचना, एक अक्षरही न बदलता, चार वेळा दिली आणि चारही चित्रं शेजारी शेजारी ठेवली. डॉक्टर जसा एकदा नाडी बघून थांबत नाही, तसंच हे. चार चित्रं समोर आली की तीन प्रश्न विचारता येतात.

आपण मागितलं नव्हतं, तरी चारही चित्रांत काय आलं? आमच्याकडे सूर्यास्त चारही वेळा आला. म्हातारा पुरुष चारही वेळा आला. तो हसत कॅमेऱ्याकडे बघतोय, हेही चारही वेळा. सूचनेत सूर्यास्त नव्हता, म्हातारा नव्हता, कॅमेराही नव्हता. म्हणजे या जागा आपण रिकाम्या सोडल्या आणि यंत्राने आपल्या सवयीने भरल्या.

दुसरा प्रश्न : प्रत्येक चित्रात वेगवेगळं काय आलं? मागचे डोंगर. एकदा हिमालयासारखी शिखरं, एकदा इंडोनेशियातल्या भातखाचरांसारख्या पायऱ्या, दोनदा नुसतं सपाट मैदान. म्हणजे "सुरगाणा" या शब्दावर यंत्राला काही ठाम चित्र आठवत नव्हतं, ते अंदाज मारत होतं.

तिसरा : मागितलेलं असून काय आलंच नाही? नागली. चारही वेळा गव्हाच्या किंवा भाताच्या लोंब्या.

सूचनेचा अशक्त भाग कोणता, ते या तीन उत्तरांवरून कळतं. आमच्या अनुभवात इथेच लोक चुकतात. चित्र आवडलं नाही की ते सूचनेत आणखी शब्द कोंबतात, आणि बहुतेक वेळा ते शब्द पुन्हा स्तुतीचेच असतात : "अजून सुंदर", "अजून वास्तववादी". दुखणं पोटात आणि मलम डोक्याला.

यंत्र रिकामी जागा अशीच का भरतं?

ही यंत्रं इंटरनेटवरच्या चित्रांवर आणि त्या चित्रांखाली लिहिलेल्या ओळींवर शिकली आहेत. 2022 मध्ये लायन-5बी नावाचा असा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 585 कोटी चित्र-मजकूर जोड्या होत्या आणि स्टेबल डिफ्यूजन हे यंत्र त्याच्याच भागांवर शिकवलं गेलं. आता विचार करा, "शेतकरी" म्हणून नेटवर टाकलेले फोटो कोणते? बहुतेक विकण्यासाठी काढलेले. त्यात संध्याकाळचा सोनेरी उजेड आणि हसरा चेहरा ठरलेला. "भारतीय माणूस" म्हणून टाकलेले फोटो कोणते? पर्यटकांनी काढलेले. 2023 मध्ये रेस्ट ऑफ वर्ल्ड या वृत्तसंस्थेने मिडजर्नीकडून अशी चित्रं काढून तपासली, तेव्हा "भारतीय माणूस" म्हटलं की बहुतेक वेळा दाढीवाला म्हातारा येत होता. आमच्या मुलीचा बाबा त्याच खानदानातला.

याचा आपल्या घरांशीही संबंध आहे. मुलींनी गंमत म्हणून "मुस्लिम शेतकरी कुटुंब" एवढंच लिहून पाहिलं. आलं वाळवंट, लांब पांढरे झगे, मागे सोनेरी घुमट. मालेगाव, नाशिक, सुरगाणा, कोकण, कुठलंही आपलं घर त्यात नव्हतं. कौलारू घर, ओट्यावर दुपट्टा घेतलेली अम्मी, लेंगा-शर्टातले अब्बू, हे नेटवर कुणी फोटो काढून, खाली नीट ओळ लिहून टाकलेलं नाही. जे टाकलेलं नाही ते यंत्राला आठवणार कुठून? ते आपल्यालाच शब्दांत सांगावं लागतं.

आधी स्तुती काढली

दुरुस्तीत आम्ही एक नियम पाळला : एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा चार चित्रं. दोन बदल एकदम केले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. ज्या यंत्रात `Seed` नावाचा आकडा दिसतो तिथे तो कायम ठेवता येतो. मग चित्राची सुरुवात दर वेळी एकाच जागेवरून होते आणि तुलना सोपी जाते. मोबाईलवरच्या गप्पा मारणाऱ्या अ‍ॅपमध्ये हा आकडा बहुधा दिसत नाही, म्हणून चार-चार चित्रं काढायची.

पहिला बदल काहीतरी घालण्याचा नव्हता, काढण्याचा होता. सुंदर, अतिशय आकर्षक, रंगीबेरंगी, 4K, मास्टरपीस, सगळं खोडलं. मुली नाराज झाल्या. "सर, मग चित्र साधं येईल ना?" साधंच आलं. केशरी रंग निम्म्याने उतरला, सूर्यास्त चारपैकी दोनच चित्रांत उरला.

असं का होतं? "मास्टरपीस", "4K" असे शब्द नेटवर कुठल्या चित्रांखाली असतात? वॉलपेपर, व्हिडिओ गेम, आणि संगणकावर रंग चढवून गडद केलेले फोटो. हे शब्द लिहिले की यंत्र चित्राचा दर्जा वाढवत नाही, त्या जातीच्या चित्रांकडे सरकतं. "रंगीबेरंगी" तर सरळ रंग चढवण्याचीच आज्ञा झाली. त्यात भर म्हणजे काही यंत्रं मुळातच गोड चित्रांकडे झुकवलेली असतात. स्टेबल डिफ्यूजनच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांना शिकवताना शेवटच्या टप्प्यात "दिसायला छान" असा गुण मिळालेली चित्रं निवडून दिली होती. आधीच गोड शिरा, त्यावर आपण साखर भुरभुरतो.

रंग जास्त झालेत हे कसं ओळखायचं? लाल किंवा केशरी भागात बोटांनी झूम करून बघा. कापडाची घडी, पानाची शीर, दाण्याचा उंचवटा दिसतो का? रंग जळाले असतील तर तिथे नुसता डाग असतो, आत काहीच नसतं. आमच्या म्हाताऱ्याच्या फेट्याला एकही घडी नव्हती. असं चित्र झेरॉक्सच्या दुकानात रंगीत छापलं की दोष आणखी उघडा पडतो.

शब्द काढूनही रंग भडकच राहिले, तर दोष एका आकड्यात असू शकतो. स्टेबल डिफ्यूजनसारख्या यंत्रात `CFG Scale` किंवा `Guidance` नावाची पट्टी असते. तिचं काम समजून घेण्यासारखं आहे. चित्र काढताना प्रत्येक पायरीवर यंत्र दोन अंदाज करतं, एक तुमची सूचना वाचून आणि एक न वाचता. मग या दोहोंतला फरक काढून त्याला त्या आकड्याने गुणतं. जोनाथन हो आणि टिम सालिमन्स या दोघांनी ही युक्ती मांडली. आकडा वाढवला की चित्र सूचनेला जास्त चिकटतं, पण फरक फुगवल्यामुळे रंगांच्या किमती हद्दीबाहेर जातात आणि चित्र करपतं. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या आवृत्त्यांत हा आकडा साधारण 7 असतो. "माझं ऐकत नाही" म्हणून लोक तो 15 किंवा 20 करतात आणि मग रंगांची तक्रार करतात. अशा वेळी 5 किंवा 6 वर उतरवून बघावं. नव्या काही यंत्रांत मुळातच याहून लहान आकडे चालतात, त्यामुळे जे मूळ दिलेलं असेल त्याच्या थोडं खाली जावं, एवढंच धरून चाला.

नाव कळत नसेल तर रूप सांगा

आता नागली. "नागली" बदलून `finger millet` लिहिलं, तर चारपैकी एका चित्रात लोंब्या जरा वेगळ्या आल्या, बाकी गहूच. इंग्रजी नाव थोडं कामाला आलं, पुरेसं नाही. मग आम्ही मुलींना विचारलं, ज्याने नागली कधी पाहिलीच नाही त्याला फोनवर कसं सांगाल?

हा तास सगळ्यात चांगला गेला. नेहमी गप्प बसणारी मुलं बोलायला लागली, कारण त्यांच्या घरी नागली असते. रोप गुडघ्याच्या वर, फार तर कमरेपर्यंत. कणसाला टोकाशी चार-सहा बोटं, आणि पिकताना ती आत वळतात, अर्धवट मिटलेल्या मुठीसारखी. रंग सोनेरी नाही, तपकिरी. दाणा मोहरीसारखा बारीक. शेत सपाट नसतं, डोंगराच्या उतारावर असतं, बांधाला दगड, मध्येच एखादं मोहाचं किंवा सागाचं झाड. एका मुलाने सांगितलं की कापणीला सगळं रोप मुळापासून उपटत नाहीत, विळ्याने कणसं कापून टोपलीत टाकतात. पुस्तकात हे आम्ही कधी शिकवलं नव्हतं.

हे सगळं सूचनेत घातल्यावर गहू गेला. "सुरगाणा" शब्द काढून त्या जागी "सह्याद्रीचा हिरवा उतार, मागे सपाट माथ्याचे डोंगर, पावसाळा नुकताच संपलेला" असं लिहिल्यावर हिमालय गेला आणि इंडोनेशियाही गेला. नावावर माया असते, ते खोडताना बरं वाटत नाही. पण यंत्राला नाव माहीत नसेल, तर ते सूचनेत असून नसल्यासारखंच.

"आनंदी शेतकरी" याचंही तसंच. आनंदी हा शब्द दिसत नाही, त्यामुळे यंत्राला चेहऱ्यावर हसू चिकटवण्यापलीकडे काही सुचत नाही. त्या जागी काम सांगितलं : "चाळिशीची बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, वाकून विळ्याने कणसं कापते आहे, नजर हाताकडे." वय, वेश, हात आणि नजर या चार गोष्टी भरल्या की पुतळ्याचं माणूस होतं. नजर सांगायला बहुतेक जण विसरतात, आणि कॅमेऱ्याकडे बघून हसण्याचं मूळ तिथेच आहे.

सपाट चित्राची परीक्षा

एवढं करूनही चित्र चिकटवहीत चिकटवल्यासारखं दिसत होतं. बाई, शेत, डोंगर सगळं एकाच अंतरावर. हा तिसरा दोष, सपाटपणा. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. मोबाईलच्या फोटो एडिटरमध्ये चित्र काळं-पांढरं करा. जर सगळं एकाच राखाडी रंगात विरघळलं आणि बाई शेतापासून वेगळी दिसेना, तर चित्र फक्त रंगांच्या जोरावर उभं होतं, त्यात उजेड नव्हता. आमच्या चित्रात बाईचा पदर आणि मागचा डोंगर एक झाले.

कारण सूचनेत उजेड कुठून येतो हे लिहिलेलंच नव्हतं. मुली म्हणाल्या, "सकाळ" लिहिलंय ना. सकाळ ही वेळ झाली, दिशा नाही. आम्ही लिहिलं, "सकाळी नऊचं ऊन डावीकडून, सावल्या उजवीकडे पडलेल्या". काळ्या-पांढऱ्यात पुन्हा पाहिलं. बाईच्या पाठीची एक बाजू उजळ, एक गडद, आणि ती मागच्यापासून सुटी झाली.

दुसरी कमतरता अंतराची. जवळ काय, मध्ये काय, लांब काय, हे तीन थर सांगावे लागतात. जवळ दोन-तीन नागलीची कणसं, मध्ये बाई आणि टोपली, लांब धुक्याने फिकट झालेले डोंगर. "फिकट" हा शब्द इथे मोलाचा आहे. खऱ्या डोळ्याला लांबचं फिकटच दिसतं. आपल्या घाटात ऑक्टोबरमध्ये सकाळी उभं राहून बघा. यंत्र मात्र सांगितलं नाही तर लांबचा डोंगरही जवळच्या पानाइतका गडद रंगवतं. आणि बघणारा कुठे उभा आहे, तेही सांगायचं. आम्ही "बांधावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून" असं लिहिलं.

एवढं झालं तरी चारपैकी एका चित्रात सूर्यास्त डोकावतच होता. मुलीने सूचनेत "सूर्यास्त नको" लिहिलं. पुढच्या फेरीत चारही चित्रांत सूर्यास्त! मुलं हसून लोटपोट झाली. पण अनेक यंत्रं "नको" हा शब्द नीट पकडत नाहीत, त्यांच्या कानावर "सूर्यास्त" तेवढा पडतो. नको ते न लिहिता, हवं ते लिहायचं : "पांढरट ढगाळ आकाश". ज्या यंत्रात `Negative prompt` नावाचा वेगळा रकाना असतो, तिथे नको असलेल्या वस्तूंची नावं टाकावीत, आणि तीही "नको" न लावता :

```
sunset, wheat, smiling, rice terraces
```

शेवटी उरलेली सूचना अशी :

```
डोंगरउतारावरचं नागलीचं (finger millet) शेत. जवळ दोन-तीन
तपकिरी कणसं, प्रत्येकाला आत वळलेली पाच बोटं, मिटत्या
मुठीसारखी. मध्ये चाळिशीची बाई, गुडघ्यापर्यंत लुगडं, वाकून
विळ्याने कणसं कापते, नजर हाताकडे, शेजारी बांबूची टोपली.
लांब सपाट माथ्याचे फिकट डोंगर. पांढरट ढगाळ आकाश, सकाळचं
मऊ ऊन डावीकडून. बांधावर बसलेल्या माणसाच्या नजरेतून साधा फोटो.
```

यात "सुंदर" एकदाही नाही. क्रमही मुद्दाम आहे, महत्त्वाचं आधी. स्टेबल डिफ्यूजनच्या जुन्या आवृत्त्या एका वेळी 77 तुकडेच वाचत, त्यापुढचं वाया जाई. आणि देवनागरी अक्षरांचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. त्या यंत्रांना मराठी फारसं कळतही नाही, तिथे इंग्रजीच लिहावं. गप्पा मारणारी अ‍ॅप मराठी समजतात, पण त्यांची वेगळी खोड आहे. चॅटजीपीटीमध्ये डॅल-ई 3 आलं तेव्हापासून तुमची छोटी सूचना आत दुसरं यंत्र वाढवून लिहितं आणि मग चित्रकाराला देतं. तुम्ही खोडलेली "मनमोहक संध्याकाळ" तिथे परत घुसू शकते. "माझ्या शब्दांत भर घालू नका" असं लिहिलं तर काही अंशी आवर बसतो. तसंच एकाच चित्रावर दहा वेळा "हे बदल, ते बदल" करत बसू नये. त्याने रंग आणि चेहरे हळूहळू बिघडत जातात. सूचना सुधारून नव्याने सुरुवात करावी.

आणि कणसं? शेवटपर्यंत नीट आली नाहीत. कुठे बोटं तीन, कुठे नऊ, कुठे मूठ उघडी. काही यंत्रं सोबत नमुन्याचा फोटो घेतात, तसं केल्यावर बरीच सुधारणा झाली, पण अब्बूंनी पुन्हा मान हलवली. मग मुलींनी ठरवलं की शेताचं दृश्य एआयचं ठेवायचं आणि खाली तशी चिठ्ठी लावायची, पण कणसाचा मोठा फोटो बाजारातून आणलेल्या खऱ्या नागलीचा. फोटो त्याच मुलीने अब्बूंच्या दुकानात पोत्यावर कणीस ठेवून, दाराच्या उजेडात काढला. नाव चित्रात टाकायला सांगितलं तेव्हा यंत्राने "नागली" चं "नागाली"सारखं काहीतरी केलं होतं, म्हणून नाव स्केचपेनने लिहिलं, मराठीत आणि उर्दूत.